पेजसाठी तीनच विषय कसे निवडायचे

करिअर ब्रेकनंतर नोकरीत परतणाऱ्या बायकांना तुम्ही कोचिंग देता, तर सोशल मीडिया पेजचे विषय मनानेच ठरवू नका, व्हॉट्सअ‍ॅप उघडा. पहिल्या फोनवर किंवा मेसेजमध्ये बायकांनी जे विचारलं, ते त्यांच्याच शब्दांत एका कागदावर उतरवा. "सहा वर्षांची गॅप रिझ्युमेत कशी दाखवू?", "पगार किती मागू?", "मूल आजारी पडलं तर काय, असं विचारलं तर?" वीस-पंचवीस प्रश्न झाले की त्यांचे गठ्ठे आपोआप पडतात. इथे तीन दिसतात: गॅप मांडणं, मुलाखत आणि पगाराची बोलणी, घरातल्या कामांची वाटणी.

आता प्रत्येक विषयावर दहा पोस्टची शीर्षकं लिहून बघा. पाचव्यालाच अडलात तर तो विषय नाही, फार तर एक पोस्ट आहे. उलट 'आत्मविश्वास' घेतलात तर शंभर सुचतील, पण त्यातली एकही तुमची वाटणार नाही. नाव झाकून पोस्ट वाचा. ती जिमवाल्याच्या पेजवरही खपली असती, तर विषय फार पसरट आहे. आत्मविश्वासाबद्दल बोलायचंच असेल तर पगाराच्या आकड्यावर गप्प बसण्याबद्दल बोला.

तिन्ही विषयांना सारखी जागा द्यायची गरज नाही. घरकामाच्या पोस्टला लाइक भरपूर येतील, चौकशी मात्र बहुधा गॅपच्या पोस्टवरून येईल. दिवाळीच्या शुभेच्छांसारखं या तिन्हींत न बसणारं काही असेल तर ते स्टोरीत टाका. आणि निदान तीन महिने विषय बदलू नका, तुम्हाला कंटाळा आला तरी.