केएमपीच्या टेबलमध्ये k शून्य करू नकोस

"केएमपीचं असाइनमेंट आहे. माझ्या सगळ्या टेस्ट पास होतात, पण सबमिट केलं की मॅच कमी येतात. टेबल बनवताना अक्षर जुळलं नाही की k शून्य करतो, कारण आत while टाकला तर लिनिअर कसं राहणार?"

अरे, थर्ड इयरला अगदी हीच ओळ माझ्या कोडमध्ये होती आणि कारणही हेच, म्हणून राहवलं नाही. टेबल कशासाठी असतं ते तुला माहीत आहे असं धरतो.

`aabaaab` घे, इंडेक्स शून्यापासून. इंडेक्स 5 ला येतोस तेव्हा k 2 आहे, म्हणजे `aa` जुळलंय, पुढे `b` हवा होता पण आला `a`. तू इथे सगळं फेकून देतोस, पण त्या `aa` मधलं शेवटचं `a` अजून कामाचं आहे, नवीन `a` त्याला जोडला की परत `aa` तयार होतं. म्हणून एकदम शून्यावर न जाता त्याच्या खालच्या पायरीवर उतरायचं, p म्हणजे पॅटर्न आणि pi म्हणजे टेबल:

```
while k > 0 and p[i] != p[k]:
    k = pi[k-1]
```

बरोबर टेबल `0 1 0 1 2 2 3`, तुझं येईल `0 1 0 1 2 1 0`. आता `aabaaabaaab` मध्ये शोध, मॅच 0 आणि 4 ला आहेत, तुला फक्त 0 चा मिळेल.

आणि while ची भीती सोड. i एक पुढे गेला की k जास्तीत जास्त एकने वाढतो, while मध्ये दरवेळी किमान एकने कमी होतो, मग जेवढा चढला त्याहून जास्त उतरणार कुठून? सगळं मिळून उतरणं पॅटर्नच्या लांबीपेक्षा कमीच.

तुझ्या टेस्ट पास का होतात? पाच अक्षरांपर्यंतच्या कुठल्याच पॅटर्नमध्ये ही चूक दिसत नाही, पहिल्यांदा दिसते ती `aabaaa` सारख्या सहा अक्षरांत, आणि हाताने आपण `abcab` असलंच काहीतरी टाकतो. मला हे कळायला दोन आठवडे गेले. कुठली टेस्ट फेल झाली एवढंच विचारायला नाशिकच्या सीबीएसवरून बस पकडून दोनदा डिपार्टमेंटला गेलो, उत्तर एकच, हिडन टेस्ट दाखवत नाही. निदान पॅटर्नची लांबी तरी सांगायची! मार्क गेले ते गेलेच, अजून राग येतो.

माझं मत, हाताने टेस्ट लिहूच नकोस. फक्त `a` आणि `b` ची, 1 ते 10 लांबीची सगळी स्ट्रिंग बनव, 2046 होतात, आणि प्रत्येकीचं टेबल साध्या तुलनेने काढलेल्या टेबलशी ताडून बघ, क्षणात होतं. सर्चमध्ये पूर्ण मॅच मिळाल्यावरही k शून्य करत असशील तर तिथेही `pi[k-1]` च लागेल. तुमच्या सरांचं टेबल -1 पासून सुरू होत असेल तर आकडे वेगळे दिसतील, ते आधी बघून घे.