प्रौढ वयात इंग्रजी शब्दसंग्रहासाठी सोपी पुस्तके: पातळी कशी निवडावी?

माझे वय 38, शिक्षण मराठी माध्यमातून. शब्द वाढवण्यासाठी पातळीनुसार लिहिलेली पुस्तके घ्यावीत म्हणतात, पण कोणत्या पातळीपासून सुरुवात करू?

पातळी मुखपृष्ठावरून न ठरवता पुस्तकाच्या मधल्या पानावरून ठरवावी. तेथील सलग 100 शब्द मोजून अनोळखी शब्दांखाली पेन्सिलीने रेघ ओढा. रेघा दोनपर्यंत असतील तर पुस्तक घ्यावे, पाच-सहा असतील तर एक पायरी खाली उतरावे, कारण तेवढ्या खाचखळग्यांतून संदर्भाने अर्थ लागत नाही आणि वाचन शब्दकोशातच अडकते.

‘ऑक्सफर्ड बुकवर्म्स’ मालिकेत पहिली पातळी 400 मूळ शब्दांची, दुसरी 700 ची आणि तिसरी 1000 ची आहे. शाळेत इंग्रजी शिकलेल्या प्रौढाला पहिली पातळी पोरकट वाटते खरी, पण रेघा ओढताना एक चूक हमखास होते: ‘गिव्ह’ आणि ‘अप’ हे दोन्ही शब्द येतात म्हणून ‘शी गेव्ह अप स्मोकिंग’ या वाक्याखाली रेघ पडत नाही, आणि तिने धूम्रपान सोडले हा अर्थ मात्र निसटतो. अशा जोड्याही मोजाव्यात.

एकाच पातळीची चार-पाच पुस्तके लागोपाठ वाचावीत, म्हणजे तेच शब्द निरनिराळ्या प्रसंगांत पुन्हा भेटतात. वहीत सुटा शब्द न लिहिता तो ज्या वाक्यात आला ते पूर्ण वाक्य लिहावे. मात्र असे वाचलेले शब्द ओळखू येतात, ते बोलताना लगेच आठवतीलच असे नाही. त्यासाठी वाचलेले प्रकरण चार वाक्यांत मोठ्याने सांगावे.