गेम कन्सोलवर नेण्याआधी कंट्रोलरचं कनेक्शन तोडून बघ

मेनूत कर्सर नसेल, तेव्हा निवड कुठल्या बटणावर आहे ते स्पष्ट दिसायला हवं. हे आधी कर. मग खेळ ऐन रंगात असताना कंट्रोलरची बॅटरी संपली असं समजून तो बंद कर. गेम आपोआप थांबून 'कंट्रोलर जोडा' असं सांगत नसेल, तर कन्सोल कंपनीच्या तपासणीतून, म्हणजे सर्टिफिकेशनमधून, तो परत येणार हे धरून चाल. लोडिंग आणि कटसीनमध्येही हेच तपास. तिथे बऱ्याचदा पॉज बंद ठेवलेला असतो, म्हणून चूक तिथेच राहून जाते.

वेगाचं म्हणशील तर सेकंदाला ६० फ्रेमसाठी एका फ्रेमला १६.७ मिलिसेकंद मिळतात. सरासरीवर जाऊ नकोस, सगळ्यात गर्दीच्या लढाईतली फ्रेम मोज. तिला २० लागले, तर फ्रेम स्क्रीनच्या फेरीशी जुळवणाऱ्या व्हीसिंकमुळे ती स्क्रीनच्या पुढच्या फेरीपर्यंत थांबते आणि हिसका जाणवतो. ते कमी होतच नसेल, तर स्थिर ३० घे.