हॅलीच्या पद्धतीत दुसऱ्या डेरिव्हेटिव्हचा खर्च वसूल होतो का?

प्रश्न: केप्लरच्या समीकरणासाठी न्यूटनऐवजी हॅली वापरावी का? दुसऱ्या एका कामात फंक्शन बंद लायब्ररीतून येतं. तिथे h = 1e-8 घेऊन फरकाने f' आणि f'' काढले, तर न्यूटनपेक्षा पावलं उलट वाढली. असं का?

उत्तर:

तुमचं ते h = 1e-8 वाचलं आणि माझे वाया गेलेले दोन महिने आठवले. सूत्रं तुम्हाला माहीत आहेत, म्हणून थेट त्यावर येतो.

माझं काम होतं एन्थाल्पीवरून वायूचं तापमान शोधण्याचं. एन्थाल्पी किलोमागे साधारण चार लाख ज्यूल, f' म्हणजे Cp साधारण 1000, आणि f'' जेमतेम 0.1. लायब्ररी आतमध्ये Cp काढतच होती, फक्त बाहेर देत नव्हती. त्यांच्या सपोर्ट विभागाला तीन वेळा लिहिलं. दर वेळी नवा फॉर्म भरायला सांगितला आणि शेवटी "ही सुविधा उपलब्ध नाही" एवढं एक वाक्य आलं. एका ओळीचं काम होतं, आजही राग येतो. मग मी तुमच्यासारखाच फरक घेतला, आणि तोही तोच h वापरून.

चार लाखांच्या आसपास दोन लगतच्या डबल संख्यांत साधारण 6e-11 चं अंतर असतं. f' काढताना याला h ने, म्हणजे 1e-8 ने भागायचं. चूक 0.006 च्या घरात येते, आणि ती 1000 पुढे काहीच नाही. f'' ला मात्र h² ने, म्हणजे 1e-16 ने भागावं लागतं. शेवटच्या बिटाची एक चूक झाली की f'' सहा लाख दिसतो, खरा 0.1 असताना! हॅलीचं पाऊल म्हणजे न्यूटनचं पाऊल भागिले (1 − adj):

```python
adj = f*f2 / (2*f1*f1)
```

मुळापासून 50 अंश दूर असताना f पन्नास हजार असतो. खरा adj 0.0025 असतो, माझा यायचा पंधरा हजार. पन्नास अंशांऐवजी अंशाचे तीन-चार हजारांश सरकायचं, कधी उलट्या दिशेला. मधेच दुसरा फरक नेमका शून्य यायचा, म्हणजे ते न्यूटनचंच पाऊल, आणि एकदम उडी बसायची. ही लक्षणं तुमच्या लॉगमध्ये दिसतात का पाहा: काही पावलं रांगणं, मग उडी. मुळाजवळ f लहान होतो, त्याबरोबर adj ही लहान होतो, म्हणून शेवटचे अंक सुरेख जुळतात आणि संशय येत नाही. मी याच कारणाने दोन महिने चूक भलतीकडे शोधत होतो.

f'' साठी h मोठा लागतो, ढोबळमानाने x च्या 1e-4 पट. पण माझं स्पष्ट मत आहे की फरकाने f'' काढूच नका. दर पावलाला तीन कॉल लागतात. एका कॉलमागे बरोबर अंक किती पट होतात याचा हिशेब केला तर तीन कॉलची हॅली ३ चं घनमूळ, म्हणजे 1.44, आणि सिकंट 1.62. बंद लायब्ररीसाठी सिकंट, किंवा मूळ दोन टोकांत पकडता येत असेल तर ब्रेंट. शिवाय खरा adj 0.0025 असेल, तर f'' हातात असूनही मिळवायला काही नाही.

केप्लरचं मात्र वेगळं आहे. f = E − e sin E − M, f' = 1 − e cos E, f'' = e sin E. sin तर f साठी काढलेलाच असतो. e = 0.5, M = 1, सुरुवात E = 1 अशी घेतली, तर न्यूटनची चूक 0.078, 0.0015, 5.9e-7, 9e-14 अशी उतरते. हॅलीची 0.0044, 5e-9, आणि तिसऱ्या पावलाला डबलचे सगळे अंक संपतात. SciPy च्या `newton` मध्ये डीफॉल्ट 1.48e-8 या सहनमर्यादेने हॅली तीन पावलांत थांबते, न्यूटन पाचव्यात. दर पावलाला sin-cos ची एकच जोडी, त्यामुळे हा निव्वळ फायदा.

कागदावरचा हिशेब असा: f'' चा खर्च f आणि f' च्या एकत्रित खर्चाच्या 58 टक्क्यांखाली असेल तर हॅली जिंकते. पण तो हिशेब अंक अमर्याद आहेत असं धरतो. तुमच्याकडे सोळाच अंक आहेत, त्यामुळे सुरुवात चांगली असेल तर वाचतं ते एखाद-दुसरं पाऊल. हे एका मुळासाठी, डबल अंकगणितात, माझ्या अनुभवापुरतं. शंभर अंक हवे असतील तर गणित बदलतं.

एक जोडटीप: e एकाच्या जवळ आणि M लहान असेल तर E = M वरून सुरुवात करू नका. तिथे f' शून्याला टेकतो आणि न्यूटन कुठेही भिरकावतो. `fprime2` दिल्यावर SciPy adj चं निरपेक्ष मूल्य एकापेक्षा कमी असेल तरच दुरुस्ती लावतं, नाहीतर साधं न्यूटनचं पाऊल टाकतं. स्वतः लिहीत असाल तर ती अट आधी घाला.