पिशवीचा टीबी: एका पॉझिटिव्ह रिपोर्टनंतर

"वय ३०, लग्नाला ५ वर्षं झाली, मूल नाही. पाळी आता जेमतेम दीड दिवस येते आणि ओटीपोट कायम दुखतं. टीबीचा पीसीआर पॉझिटिव्ह आलाय. खोकला नाही, ताप नाही, छातीचा एक्स-रे स्वच्छ. मग टीबी कसा? सहा महिने गोळ्या घ्यायच्याच का? आणि घेतल्यावर मूल राहील का?"

नुसत्या पीसीआरवर गोळ्या सुरू करू नका, आणि तो रिपोर्ट बाजूलाही टाकू नका. मधे एक पायरी आहे. ती नीट कळावी म्हणून तुमच्यासारख्याच एकीची हकिकत सांगते. ओळख पटू नये इतके तपशील बदलले आहेत.

ती २९ वर्षांची होती. नवऱ्यासोबत आली, मांडीवर जाडजूड फाईल. पाळी किती दिवस येते विचारलं, तर म्हणाली, "दोन." मी नेहमी पुढे विचारते की पॅड किती लागतात, आणि आधीपासून असंच आहे का. तेव्हा कळलं की पूर्वी चांगले पाच दिवस अंगावर जायचं, आणि आता दुसऱ्या दिवशी पॅडवर नुसता डाग. हे तीन-चार वर्षांत हळूहळू झालं होतं. ओटीपोटात मंद दुखणं होतं, पाळीच्या आधी आणि संबंधांनंतर जास्त. पिशवीच्या दोन्ही बाजूंच्या गर्भनळ्यांचा एक्स-रे आधीच झाला होता, त्यात दोन्ही नळ्या बंद दिसत होत्या आणि डावी टोकाशी फुगलेली. (टीबीचा संशय असताना हा एक्स-रे टाळतात, कारण दाबाने सोडलेल्या औषधासोबत संसर्ग पोटात पसरू शकतो. तिच्या वेळी संशयच कुणाला आला नव्हता.)

नवरा पैसे भरायला खाली गेला तेव्हा ती पुढे सरकून हळूच म्हणाली, "मॅडम, सतराव्या वर्षी माझ्या छातीतून पाणी काढलं होतं. काही महिने औषधं होती. ह्यांना माहीत नाही."

सगळ्या फाईलपेक्षा हे एक वाक्य मोलाचं होतं. टीबीचे जंतू श्वासातून फुप्फुसात जातात आणि तिथून रक्तावाटे दुसरीकडे पोचतात. नळ्यांमध्ये जाऊन बसले तर तिथे वर्षानुवर्षं गप्प राहू शकतात. तोवर छाती बरी झालेली असते, म्हणून एक्स-रे स्वच्छ येतो. खोकला आणि ताप नसणं हे या आजारात अगदी नेहमीचं आहे. अनेकींना तर आपल्याला पूर्वी कधी काही झालं होतं हेही आठवत नाही.

आधी जवळपास नेहमी नळ्याच धरल्या जातात, आणि साधारण निम्म्या जणींमध्ये संसर्ग पुढे पिशवीच्या अस्तरात उतरतो. आतून जखम भरताना वण पडतात. नळी चिकटून बंद होते. अस्तर पातळ पडतं, कधी पिशवीच्या पुढच्या-मागच्या भिंती एकमेकींना चिकटतात. दर महिन्याला गळून पडायला अस्तरच उरत नाही, म्हणून पाळी कमी येते. तुमची दीड दिवसाची पाळी आणि न राहणारं मूल यांच्यामागे एकच कारण असू शकतं ते असं.

तिच्या मनातला पहिला प्रश्न मात्र वेगळाच होता: "ह्यांना लागेल का?" फक्त पिशवीचा टीबी खोकल्यातून पसरत नाही, आणि संबंधांतून लागण झाल्याची उदाहरणं फार विरळ आहेत. फुप्फुसात काही नाही ना, एवढं मात्र एकदा पाहून घ्यायचं. हे ऐकल्यावर तिने छातीतल्या पाण्याची गोष्ट नवऱ्याला स्वतःच सांगितली. मी सांगणार नव्हते, ते तिचं होतं.

आता पीसीआरकडे येऊ. या तपासणीत जंतूंच्या जनुकाचा अंश शोधतात. तो अंश मेलेल्या जंतूचा असू शकतो, किंवा प्रयोगशाळेत दुसऱ्या नमुन्यातून आलेला असू शकतो. म्हणून एकटा पॉझिटिव्ह पीसीआर म्हणजे आजार सिद्ध झाला असं नाही. उलट या आजारात जंतू इतके थोडे असतात की निगेटिव्ह रिपोर्टवरूनही सुटका होत नाही. हातावरची मांटू किंवा रक्ताची इग्रा तपासणी एवढंच सांगते की शरीराची या जंतूशी कधीतरी गाठ पडली आहे. आज आजार चालू आहे का, ते त्यातून कळत नाही.

तिच्या बाबतीत पाळीच्या रक्ताचा पीसीआर पॉझिटिव्ह होता. नंतर पिशवीतून तुकडा घेतला गेला, पण तिथे दोन चुका झाल्या होत्या. तो पाळीच्या आठव्या दिवशी घेतला होता, आणि सगळाच फॉर्मॅलिनच्या बाटलीत गेला होता. अस्तर दर महिन्याला गळतं, त्यामुळे टीबीच्या खुणा तयार व्हायला त्यात फार वेळ मिळत नाही. त्या सापडण्याची शक्यता पाळी यायच्या आधीच्या दिवसांत, अस्तर पूर्ण वाढलेलं असताना, सगळ्यात जास्त असते. आणि फॉर्मॅलिनमध्ये जंतू मरतात, म्हणजे त्या तुकड्याचं कल्चर, जंतू वाढवून पाहण्याची तपासणी, होऊच शकत नव्हतं. रिपोर्टमध्ये फक्त "सौम्य सूज" एवढं लिहून आलं होतं. तेवढ्यावर एका ठिकाणी तिला दुसऱ्याच दिवसापासून गोळ्या घ्यायला सांगितलं गेलं, आणि दुसऱ्या ठिकाणी काही नाही म्हणून घरी पाठवलं.

तुमच्या बाबतीत राहिलेली पायरी हीच असावी. तिचा नमुना नव्याने घ्यायचं डॉक्टरांनी ठरवलं. त्या महिन्यात दिवस जाऊ नयेत याची काळजी घेतली, पाळीच्या पंचविसाव्या दिवशी आधी लघवीची गर्भतपासणी केली आणि मग तुकडा घेतला. त्याचे दोन भाग झाले. एक फॉर्मॅलिनमध्ये, सूक्ष्मदर्शकाखाली पाहायला. दुसरा साध्या निर्जंतुक सलाइनमध्ये, कल्चरला आणि जीन एक्सपर्ट या जंतूंचं जनुक शोधणाऱ्या झटपट तपासणीला. मी तिला कागदावर दोन बाटल्या काढून दिल्या होत्या आणि म्हणाले होते, टेबलावर झोपण्याआधी सिस्टरना विचारा, दुसरी बाटली कुठे आहे. तिने विचारलं.

जीन एक्सपर्ट निगेटिव्ह आला. ती रडतच फोनवर म्हणाली, "म्हणजे पुन्हा काहीच नाही?" पण चार दिवसांनी पहिल्या बाटलीचा रिपोर्ट आला. त्यात ग्रॅन्युलोमा होते, म्हणजे टीबीच्या जंतूंभोवती पेशींच्या जशा बारीक गाठी बनतात, तशा. त्यानंतर दुर्बिणीतून पोटाची तपासणी झाली. डॉक्टरांनी तिला स्क्रीनवरचा फोटो दाखवला: उजवी नळी मणी ओवल्यासारखी गाठीगाठींची, तिच्यावर पांढरे बारीक दाणे, आणि वर यकृतापासून पोटाच्या भिंतीपर्यंत ताणलेल्या चिकट तारा. दाण्यांतला एक काढून तोही दोन बाटल्यांत पाठवला. आता औषधं सुरू करायला पुरेसा आधार होता. कल्चरला सहा आठवड्यांपर्यंत लागू शकतात, तेवढं थांबले नाहीत. तिचं कल्चर पाचव्या आठवड्यात पॉझिटिव्ह आलं आणि जंतू नेहमीच्या औषधांना दाद देणारे निघाले. आधी एकदा टीबीची औषधं झालेली असल्यामुळे तिच्यासाठी हे कळणं फार गरजेचं होतं. पीसीआरने ते कळलं नसतं.

औषधं फुप्फुसाच्या टीबीचीच आणि तेवढीच, ६ महिने. पहिले २ महिने आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड आणि इथॅम्ब्युटॉल अशी चार, रोज, वजनाप्रमाणे. पुढचे ४ महिने त्यांतली दोन किंवा तीन. तिसऱ्या दिवशी सकाळी तिचा फोन: लघवी केशरी झाली. ते रिफाम्पिसिनमुळे होतं, त्यात भिण्यासारखं काही नाही. मात्र उलट्या थांबेनात, डोळे पिवळे दिसले, तर गोळ्या थांबवून त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे, कारण तो यकृताचा त्रास असू शकतो. डोळ्यांना धूसर दिसलं किंवा लाल-हिरवा ओळखू येईना, तर तो इथॅम्ब्युटॉलचा त्रास असू शकतो. तेव्हाही वाट पाहायची नाही. रिफाम्पिसिनमुळे गर्भनिरोधक गोळ्यांचा असर कमी होतो, म्हणून या काळात निरोध वापरायचा.

तिसऱ्या महिन्यात तिचं पोट दुखायचं जवळजवळ थांबलं. दोन महिन्यांनी बरं वाटू लागलं की गोळ्या सोडायचा मोह होतो, तो तिलाही झाला. सतराव्या वर्षीची औषधं पूर्ण झाली होती की नाही, ते तिला आठवत नव्हतं. या खेपेला ती कॅलेंडरवर रोज फुली मारायची.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं खरं उत्तर ऐकायला कठीण आहे. औषधं जंतू मारतात, पण पडलेला वण पुसत नाहीत. आजार लवकर सापडला, नळ्या फारशा बिघडल्या नसतील, तर काही जणींना उपचारानंतर आपोआप दिवस जातात. पण अर्धवट खराब नळीत गर्भ अडकण्याचा धोका असतो. म्हणून पाळी चुकली की लगेच रक्ताची बीटा-एचसीजी आणि सोनोग्राफी करून गर्भ पिशवीतच आहे ना, ते बघायचंच. एका बाजूला जोरात दुखलं किंवा चक्कर आली, तर रात्रसुद्धा जाऊ द्यायची नाही. दोन्ही नळ्या गेल्या असतील पण अस्तर बरं असेल, तर टेस्ट ट्यूब बेबीचा रस्ता उरतो. अस्तरच वणांनी भरलं असेल, तर तोही अवघड होतो. मग दत्तक घेण्याबद्दल, किंवा जिथे कायद्यात बसतं तिथे सरोगसीबद्दल, बोलावं लागतं.

तिचे सहा महिने संपल्यावर पिशवीत दुर्बीण घातली. एका बाजूला चिकटलेला भाग होता, तो सोडवला. फुगलेली डावी नळी काढून टाकली, कारण तिच्यातलं पाणी पिशवीत उतरून गर्भ रुजू देत नाही. पाळी पूर्ण दोन दिवस येऊ लागली, पाचांवर कधीच आली नाही. मग टेस्ट ट्यूब बेबीचा प्रयत्न केला, पहिल्या वेळी सोडलेला गर्भ रुजला नाही. दुसऱ्या वेळी अस्तर ७ मिलिमीटर भरलं, आणि बाराव्या आठवड्याच्या सोनोग्राफीनंतर तिने मला फोन केला. त्याच वर्षी माझ्याकडे येणाऱ्या दुसऱ्या एकीचं अस्तर तीन प्रयत्नांतही ५ मिलिमीटरच्या वर गेलं नाही. ती आणि तिचा नवरा आता दत्तक घेण्याचे कागद जमवत आहेत.

तुमच्या पिशवीतून आधी तुकडा घेतला असेल, तर डॉक्टरांकडे जाताना त्याचा जुना रिपोर्ट सोबत न्या. तो पाळीच्या कितव्या दिवशी घेतला होता आणि कोणत्या बाटलीत ठेवला होता, ते विचारा. कल्चरला काही पाठवलंच नसेल, तर पुढची पाळी यायच्या आधीच्या आठवड्यातली वेळ मागून घ्या. आणि लहानपणी छातीत पाणी, मानेला गाठी, किंवा घरात कुणाला टीबी असं काही झालं असेल, तर आधी तेच सांगा.