दोन कॅप्शनपैकी कोणतं चालतं, हे छोट्या दुकानाने कसं ठरवावं?

प्रश्न: माझं इन्स्टाग्रामवर छोटं दुकान आहे. एकाच वस्तूसाठी दोन प्रकारची कॅप्शन लिहून बघितली. एकीला १२ सेव्ह आले, दुसरीला १७. दुसरी चांगली समजू का? आणि क्लिक कसे मोजायचे?

उत्तर: इतक्यावरून नका समजू. आधी दोन्ही पोस्ट किती अकाउंटपर्यंत पोचल्या ते इनसाइट्समध्ये बघा. समजा पहिली ४१० जणांपर्यंत गेली आणि दुसरी ६४० जणांपर्यंत. मग १२ भागिले ४१० म्हणजे साधारण २.९ टक्के, आणि १७ भागिले ६४० म्हणजे २.७ टक्के. सतरावाली मागे पडली! सेव्हचा नुसता आकडा बघून निर्णय घेतला, तर कॅप्शनची नाही, त्या दिवशी पोस्ट किती फिरली याचीच परीक्षा होते.

बरं, रीच सारखा असता तरी पाच-सहा सेव्हचा फरक आपोआपही पडतो. मी एक ढोबळ हिशोब वापरते. दोन्हींचे सेव्ह मिळवायचे, बेरजेचं वर्गमूळ काढायचं आणि त्याची दुप्पट करायची. फरक त्याहून मोठा असेल तरच लक्ष द्यायचं. १२ आणि १८ घ्या: बेरीज ३०, वर्गमूळ साधारण साडेपाच, दुप्पट ११. फरक फक्त ६. म्हणजे अजून काहीच कळलेलं नाही. छोट्या दुकानाची खरी अडचण हीच असते, एका जोडीत निकाल लागतच नाही.

म्हणून मी जोड्या लावते. मी हाताने शिवलेल्या वह्या विकते. एका प्रकारच्या कॅप्शनची पहिली ओळ वस्तूबद्दल असायची: "जाड कागदाची, हाताने शिवलेली वही." दुसऱ्या प्रकारात घेणाऱ्याची अडचण: "लिहिताना वही सारखी मिटते? घेताना शिवण बघा." बाकीचा मजकूर, हॅशटॅग, शेवटची 'लिंक बायोमध्ये' ही ओळ, सगळं तेच. पहिलीच ओळ का, तर फीडमध्ये कॅप्शनची सुरुवातच दिसते, पुढचं उघडावं लागतं. दर आठवड्याला एकसारखे दोन फोटो, उदाहरणार्थ निळ्या आणि हिरव्या मुखपृष्ठाचे, मंगळवारी आणि गुरुवारी एकाच वेळेला टाकायचे. कोणत्या फोटोला कोणती कॅप्शन आणि कोणती आधी, हे नाणं उडवून ठरवायचं. आपल्या मनावर सोडलं की आवडत्या कॅप्शनला हमखास चांगला फोटो मिळतो. मीही ते केलंय.

प्रत्येक पोस्टचा आकडा बरोबर सातव्या दिवशी लिहून घ्यायचा. मधेच एखादी पोस्ट स्टोरीत शेअर केली, पैसे देऊन बूस्ट केली किंवा कोणी मोठ्या अकाउंटने उचलली, तर ती जोडी बाद. सुरुवातीला मी शहाणपणा करून चालू पोस्टचीच कॅप्शन तिसऱ्या दिवशी बदलली होती. इन्स्टाग्राम ते करू देतं, पण बदलाआधीचे आणि नंतरचे सेव्ह वेगळे करून देत नाही. तो आठवडा वाया गेला.

क्लिकचं जरा किचकट आहे, कारण पोस्टच्या कॅप्शनमधली लिंक दाबता येत नाही, लोक बायोत जातात. मी प्रत्येक पोस्टबरोबर बायोतली लिंक बदलते, फक्त शेवटची खूण वेगळी:

```
https://example.com/vahi?utm_source=instagram&utm_campaign=caption&utm_content=a1
```

दुसऱ्या प्रकारासाठी `b1`, पुढच्या आठवड्यात `a2`, `b2`. मग वेबसाइटच्या अ‍ॅनालिटिक्समध्ये ते वेगळे दिसतात. हे मोजमाप गळकं आहे. मंगळवारची पोस्ट शुक्रवारी बघून आलेला माणूस गुरुवारच्या खात्यात जमा होतो. म्हणून क्लिकसाठी मी पोस्टनंतरचे पहिले ४८ तासच धरते.

आठ आठवड्यांनी माझ्याकडे आठ जोड्या होत्या. रीचच्या प्रमाणात सेव्ह पाहिले तर अडचणवाली कॅप्शन सातदा पुढे. दोन्ही सारख्याच असत्या तर तीच सात किंवा जास्त वेळा जिंकण्याची शक्यता नाणेफेकीच्या हिशोबाने शंभरात साधारण साडेतीन. सहा वेळा जिंकली असती तर मी मानलं नसतं, कारण सहा किंवा जास्त विजय योगायोगाने शंभरात चौदा-पंधरा वेळा येतात.

क्लिक मात्र उलटे निघाले. वस्तूवाल्या कॅप्शनला एकूण ३१, अडचणवालीला २२. बेरीज ५३, वर्गमूळ साधारण ७.३, दुप्पट साडेचौदा, फरक ९. म्हणजे अनिर्णित. पण सेव्हमध्ये जिंकलेली क्लिकमध्येही जिंकेल, हे गृहीत धरता येत नाही, एवढं दिसलं. सल्ला वाटणारी ओळ माणूस नंतरसाठी ठेवतो, वस्तू दाखवणारी ओळ वाचून लगेच बघायला जात असेल, असा माझा अंदाज आहे.

तुम्हाला सेव्ह हवेत की क्लिक, हे सुरू करण्याआधी कागदावर लिहून ठेवा. नंतर ठरवलं तर जे जिंकलंय तेच हवं होतं असं वाटतं. मी सध्या अडचणवाली ओळ वापरतेय. क्लिकसाठी पुढच्या आठ जोड्या लावल्यात, पहिली ओळ तीच ठेवून फक्त शेवटची ओळ बदलून.