पाच कोपऱ्यांच्या वेड्यावाकड्या जमिनीचं क्षेत्रफळ

प्रश्न: प्लॉटच्या पाचही कोपऱ्यांचे x, y मीटरमध्ये आहेत. त्रिकोण न पाडता क्षेत्रफळ कसं काढू?

उत्तर: शूलेस पद्धत वापरा. कडेकडेने चालत जावं तसे बिंदू ओळीने लिहा आणि पहिला बिंदू शेवटी पुन्हा लिहा:

(०,०), (६०,०), (७०,४०), (३०,६५), (०,४०), (०,०)

आता प्रत्येक लगतच्या जोडीसाठी x₁y₂ − x₂y₁ काढा. पहिल्या जोडीचं ०. दुसरीचं ६०×४० − ७०×० = २४००. तिसरीचं ७०×६५ − ३०×४० = ३३५०. चौथीचं ३०×४० − ०×६५ = १२००. शेवटचं ०. बेरीज ६९५०, तिचं निम्मं ३४७५ चौरस मीटर. सातबाऱ्याच्या भाषेत ३४.७५ आर. घड्याळाच्या दिशेने गेलात तर उत्तर उणे येईल. चिन्ह सोडून द्या.

खरा घोळ क्रमात होतो. तिसरा आणि चौथा बिंदू अदलाबदल करून बघा: १६७५ येतं, म्हणजे निम्म्याहूनही कमी. दोन कडा एकमेकींना छेदतात आणि एक भाग दुसऱ्यातून वजा होतो. सूत्र मात्र कुठेच अडत नाही, म्हणून आधी कागदावर कच्ची आकृती काढाच.

मोबाईलच्या जीपीएसवरून घेतलेले अक्षांश-रेखांश अंशात असतात, ते थेट घालू नका. आधी यूटीएम, म्हणजे जागा मीटरमध्ये सांगणाऱ्या नकाशा-पद्धतीत, बदला. मग सहा-सात आकडी संख्या येतील. सगळ्यांतून पहिल्या बिंदूचे x, y वजा केले तरी क्षेत्रफळ तेच राहतं आणि हाताने गुणाकार करता येतात.